पावणेआठच्या आत

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी विषय दिला ‘चिठ्ठी’. चिठ्ठी म्हटल्यावर मला पहिली आठवली ती आईने वहीच्या पानावर लिहून दप्तरात ठेवलेली. ‘माझ्या मुलीला दोन दिवस ताप असल्याने ती शाळेत येऊ शकली नाही, तरी कृपया...’ त्या चिठ्ठीचं आज काय झालं, हे बघायला मी ऑगस्टमध्ये कर्जतला उतरले आणि तिथून रिक्षाने कोंडाण्याला गेले. कारण तिथल्या एका घरात अशा चिठ्ठ्यांची अख्खी फाईल आहे, असं मला कळलं होतं. चिठ्ठ्या जर्मन भाषेत होत्या आणि लिहिणारी होती कोंडाण्याची सून.

पाऊस लागून होता. राजमाचीचा डोंगर ढगात गेला होता, उल्हास नदीचं पाणी लाल झालं होतं. लावणी आटपलेली, भात गुडघ्याएवढा. ओटीवर आजी वाल सोलत होत्या. सून आणि आठ वर्षांची नात स्टुटगार्टजवळच्या एका गावाहून उन्हाळी सुट्टीसाठी आल्या होत्या. बाडेन-व्युर्टेमबेर्ग या राज्याची उन्हाळी सुट्टी जुलैअखेर सुरू होते आणि सप्टेंबरच्या मध्यापर्यंत चालते. म्हणजे त्यांचा उन्हाळा आपल्या ऐन पावसात येतो. आजींचा मुलगा चाकणच्या कारखान्यात होता, तिथून कंपनीने त्याला तिकडे पाठवलं. स्टुटगार्ट आणि मुंबई १९६८ पासून जुळी शहरं आहेत आणि गाड्यांच्या कारखान्यांमुळे पुण्याच्या परिसरातली बरीच घरं आता त्या भागात आहेत. या घराची गोष्ट त्यामुळे एकट्या या घराची नाही.

सुनेने प्लास्टिकची पिवळी फाईल माझ्या मांडीवर ठेवली. “ही पहिलीतली, ही दुसरीतली. पहिलीतल्या वाचू नका, लाज वाटते,” ती म्हणाली. मी अर्थात पहिलीतल्याच आधी वाचल्या.

पहिली चिठ्ठी

पहिल्या वर्षी मुलीला सर्दी-ताप झाला, तेव्हा आईने वर्गशिक्षिकेला ईमेल लिहिली. आधी मराठीत विचार करून, मग इंग्रजीत, मग शब्दकोश घेऊन जर्मनमध्ये. ती पानभर होती. काल संध्याकाळपासून कणकण होती, रात्री दोनदा उलटी झाली, आम्ही काढा दिला, सकाळी डोळे लाल दिसत होते, तिला शाळेत यायची फार इच्छा आहे, पण आम्ही नाइलाजाने तिला ठेवून घेत आहोत, आपल्याला होणाऱ्या त्रासाबद्दल मनापासून क्षमा मागतो, कृपया रजा मंजूर करावी. मायना होता ‘आदरणीय शिक्षिकाबाई’.

ती मेल सात वाजून चाळीस मिनिटांनी गेली. शाळा पावणेआठला भरते. त्या वेळी बाई वर्गात होत्या, दारात उभ्या राहून एकेका मुलाशी हस्तांदोलन करत होत्या. मेल उघडायला त्यांना दुपार झाली. सव्वाआठला शाळेच्या कार्यालयातून फोन आला, तेव्हा आई औषध आणायला बाहेर गेली होती आणि फोन घरी राहिला होता. मग वडिलांच्या कामावर फोन गेला. “तुमची मुलगी शाळेत पोचलेली नाही. ती कुठे आहे?” पलीकडच्या बाईंच्या आवाजात राग नव्हता, भीती होती, असं वडिलांनी नंतर सांगितलं.

ही भीती समजली की जर्मन चिठ्ठीचं सगळं व्याकरण समजतं. त्या गावात पहिलीतली मुलं पायी, एकटी किंवा दोघं-तिघं मिळून शाळेत जातात. शाळेची बस नाही, रिक्षावाले काका नाहीत, आई फाटकापर्यंत सोडायला येत नाही. उलट मुलांनी स्वतः चालत यावं, असं शाळा पालकांना सांगते. त्यामुळे जे मूल वर्गात नाही, ते दोनच ठिकाणी असू शकतं. एक तर घरी, नाहीतर घर आणि शाळा यांच्यामध्ये कुठेतरी. हजेरी झाल्यावर कार्यालय पालकांना फोन लावतं. कोणीच सापडलं नाही, तर पुढचा फोन पोलिसांना जाऊ शकतो. म्हणून सकाळचा निरोप शाळा भरण्याआधी आणि जिथे तो नक्की वाचला जाईल तिथेच पोचला पाहिजे. बाईंच्या मेलपेटीत नाही, कार्यालयात. बऱ्याच शाळांच्या कार्यालयात रात्रभर चालू असणारं आन्सरिंग मशीन असतं, सकाळी सहालाही त्यावर बोलून ठेवता येतं. आता अनेक शाळांनी मोबाइलवर सोय केली आहे. या घराच्या फोनवर Schulmanager Online होतं. त्यात मुलीचं नाव निवडायचं, तारीख टाकायची, पाठवायचं.

त्या सकाळनंतर आईने एक वाक्य पाठ केलं. तिने ते मला ओटीवर बसून म्हणून दाखवलं. “माइने टोख्टर इस्ट लायडर क्रांक उंड कान हॉयटे निख्ट त्सुअर शूले कोमेन.” माझी मुलगी आजारी आहे आणि आज शाळेत येऊ शकत नाही. त्याच्या आधी आपलं नाव, मुलीचं नाव, वर्ग. बस. लायडर म्हणजे ‘दुर्दैवाने’. सगळ्या वाक्यात भावनेला तेवढीच एक जागा आहे.

माफी कशाची

“पण इतकं तुटक?” मी विचारलं. तिलाही आधी तसंच वाटायचं. शेजारच्या जर्मन बाईंनी तिची ती पानभर मेल वाचली आणि त्या बुचकळ्यात पडल्या. रजा मंजूर करा असं का लिहिलंय? आजारी मुलाची रजा कोणी मंजूर करत नसतं. मूल आजारी आहे हे पालक ठरवतात आणि कळवतात. शाळेने त्याला हो म्हणण्याचा प्रश्न येत नाही.

आपल्या अर्जाची घडण वेगळी आहे. ‘मे. मुख्याध्यापक यांस, अर्जदार, विषय, कृपया परवानगी मिळावी, आपली आज्ञाधारक.’ यातलं प्रत्येक पाऊल मागणारं आहे. त्या साच्यातून लिहिणारा माणूस जर्मन शिक्षिकेला मेहेरबानी मागतो आणि तिला कळत नाही की तिने काय द्यायचं आहे. त्यात उलट्या आणि लाल डोळे आले की ती आणखी अवघडते. साध्या आजाराचं वर्णन शाळेला नको असतं. आजारी आहे एवढं पुरतं.

गंमत अशी की या चिठ्ठीचं जर्मन नाव आहे एंटशुल्डिगुंग. एरवी त्याचा अर्थ ‘माफ करा’. ट्रॅममध्ये धक्का लागला तरी हाच शब्द. त्यातला ‘शुल्ड’ म्हणजे दोष, अपराध. शब्दकोशात हे पाहून आपली माणसं माफी मागायला लागतात. पण शाळेच्या वहीत या शब्दाचं काम नोंदीचं आहे. गैरहजेरीचे दोनच प्रकार असतात, कारण कळवलेली आणि न कळवलेली. चिठ्ठी आली की दिवस पहिल्या खान्यात जातो. कित्येक राज्यांत हे आकडे प्रगतिपुस्तकावर छापून येतात. चिठ्ठीतलं ‘एंटशुल्डिगेन’ हे क्रियापद त्या खान्यासाठी आहे.

मायन्याचंही तसंच. आपण ‘बाई’ म्हणतो, ‘मॅडम’ म्हणतो आणि त्यातच मान असतो. तिकडे पदाने हाक मारत नाहीत. फ्राउ आणि पुढे आडनाव. ओळख असेल तर आधी ‘लीबे’, म्हणजे प्रिय. मुख्याध्यापकांना किंवा अनोळखी व्यक्तीला ‘झेअर गेएअर्टे’, म्हणजे आपलं ‘माननीय’. शिक्षिकेला ‘प्रिय’ लिहायला आईचा हात दोन महिने धजत नव्हता.

दिवाळीनंतरचा मंगळवार

फाईलमधलं सगळ्यात जाड प्रकरण होतं नोव्हेंबर २०२४ चं. ते मी नीट विचारून घेतलं, कारण त्यात एका आजारपणात किती वेगवेगळे निरोप लागतात ते दिसतं.

सोमवारी, ४ तारखेला रात्री मुलीला ३९ अंश सेल्सिअस ताप आला, घसा दुखू लागला. (तिकडे ताप फॅरनहाइटमध्ये सांगून चालत नाही. आणि लहान मुलाला ‘फीबर’ म्हणजे ताप म्हणतात तो साधारण साडेअडतीसच्या पुढे. त्याच्या खाली असेल तर ‘वाढलेलं तापमान’. आपल्या कणकणीला त्यांच्याकडे एक शब्द नाही.) मंगळवारी सकाळी सातला निरोप गेला. तो फोनमध्ये अजून आहे, तीन ओळींचा. आईने तेव्हाच कोंडाण्यालाही फोन लावला. हिवाळ्यात दोन्हीकडच्या घड्याळांत साडेचार तासांचा फरक असतो, त्यामुळे इथे साडेअकरा वाजले होते आणि आजी चुलीपाशी होत्या. “आधी डागतराकडं ने, मंग चिठ्ठ्या लिही,” त्या म्हणाल्या होत्या.

डॉक्टरांनी अकरा वाजता तपासलं. जीभ लाल आणि खडबडीत, अंगावर बारीक पुरळ, घशातून घेतलेल्या नमुन्यात स्ट्रेप्टोकोकस. शार्लाख, म्हणजे स्कार्लेट फीवर. पेनिसिलिन सुरू झालं. आणि इथे दुसरा निरोप लागला.

एरवी शाळेला आजाराचं नाव सांगावं लागत नाही, पण काही आजारांचं सांगावंच लागतं. संसर्गरोखीच्या जर्मन कायद्याच्या चौतिसाव्या कलमात त्यांची यादी आहे. शाळेत नाव घालताना पालकांना त्याचं माहितीपत्रक देतात. गोवर, गालगुंड, कांजिण्या, डांग्या खोकला, शार्लाख, खरूज आणि ज्याला आजार म्हणायला आपण तयार होणार नाही अशा डोक्यातल्या उवासुद्धा त्यात आहेत. उवा झाल्याचं लपवायची प्रवृत्ती आपल्या घरांत फार आहे आणि नेमकं तेच तिकडे चालत नाही. एका मुलाच्या उवा लपवल्या की वर्गातल्या सगळ्या आयांना महिनाभर फण्या घेऊन बसावं लागतं. कळवलं की शाळा वर्गाच्या दाराला कागद लावते, ‘या वर्गात उवा आढळल्या आहेत’. मुलाचं नाव त्यावर नसतं.

मंगळवारी दुपारी आईने कार्यालयात फोन केला आणि एकच शब्द जास्त सांगितला. बुधवारी दुसरीच्या वर्गाच्या दारावर तसा कागद लागला. दोन आयांनी आपापल्या मुलांच्या जिभा पाहिल्या, त्यातला एक मुलगा त्याच दिवशी डॉक्टरांकडे गेला. फाईलमधल्या सगळ्या कागदांत खरा उपयोग कशाचा झाला असेल, तर या एका शब्दाचा, असं मला वाटतं.

शार्लाखमध्ये प्रतिजैविक सुरू करून चोवीस तास झाले आणि मूल बरं वाटून खेळू लागलं की ते शाळेत जाऊ शकतं. म्हणजे बुधवारी दुपारनंतर संसर्गाची अडचण संपली होती. पण ताप गुरुवारी सकाळी उतरला, म्हणून आईने तो दिवस घरी ठेवून शुक्रवारी पाठवलं. कांजिण्यांत मात्र शेवटच्या फोडावर खपली धरेपर्यंत थांबावं लागतं, त्याला आठवडाभर लागतो.

तीन दिवसांत कागद

शुक्रवारी, ८ तारखेला दप्तरात तिसरी गोष्ट गेली. खरी चिठ्ठी. फोन किंवा मोबाइलवरचा निरोप गेला तरी बाडेन-व्युर्टेमबेर्गच्या नियमात तीन दिवसांच्या आत लेखी कळवायचं असतं. जर्मनीत शाळा राज्यांच्या हाती आहेत, त्यामुळे हा नियम राज्याराज्यांत बदलतो आणि म्युनिकच्या मैत्रिणीचा सल्ला स्टुटगार्टला लागू पडेलच असं नाही. कुठे मोबाइलवरचीच नोंद लेखी धरतात, कुठे सहीचा कागद लागतो. वर्षाच्या पहिल्या पालकसभेत बाई हे सांगतात. या शाळेत कागद लागतो.

तो कागद मी हातात घेतला. अर्ध्या पानाचा, निळ्या शाईतला. “माइने टोख्टर, क्लासे २ बे, कोंटे फोम ५. बिस ७. नोव्हेंबर वेगेन शार्लाख निख्ट आम उंटररिख्ट टाइलनेमेन. इख बिटे, इअर फेलेन त्सू एंटशुल्डिगेन.” माझी मुलगी शार्लाखमुळे ५ ते ७ नोव्हेंबर वर्गात सहभागी होऊ शकली नाही, तिची गैरहजेरी सकारण धरावी ही विनंती. खाली ‘मिट फ्रॉयंडलिखेन ग्र्यूसेन’, तारीख आणि सही. सही पालकाचीच हवी. मूल अठरा वर्षांचं झालं की स्वतःची चिठ्ठी स्वतः सही करून देतं.

सकाळच्या निरोपात आणि या कागदात एक फरक आहे, तो आईने मला बोट ठेवून दाखवला. सकाळी ‘कान’, येऊ शकत नाही. कागदात ‘कोंटे’, येऊ शकली नाही. पहिला निरोप मूल कुठे आहे ते सांगतो, दुसरा झालेल्या दिवसांची नोंद करतो. पहिल्या वर्षी ती सकाळच्याच निरोपाचा छापील कागद काढून द्यायची आणि बाई तो परत पाठवायच्या, कारण त्यात ‘कधीपर्यंत’ नसायचं.

डॉक्टरांचा दाखला या फाईलमध्ये शाळेसाठी एकही नाही. हे वाचून आपल्याकडचे पालक चकित होतील. साध्या आजारपणाला आईवडिलांची सही पुरते. त्या राज्यात दहापेक्षा जास्त शाळेचे दिवस आजारपण लांबलं, तर वर्गशिक्षक दाखला मागू शकतात. दाखला मागायचा तर डॉक्टर त्याचे वेगळे पैसे लावू शकतात, विमा ते देत नाही आणि दोन दिवसांच्या सर्दीसाठी दाखला लिहायला बालरोगतज्ज्ञ मुळीच राजी नसतात. त्यांची प्रतीक्षाखोली खऱ्या आजारी मुलांनी भरलेली असते.

दाखला घेतला गेला, तो वडिलांच्या कामासाठी. सरकारी आरोग्य विम्यात असलेल्या आईला आणि बापाला बारा वर्षांखालच्या प्रत्येक मुलाच्या आजारपणासाठी वर्षाला पंधरा-पंधरा दिवस घरी राहता येतं आणि पगाराच्या बदल्यात विमा पैसे देतो. हा नियम २०२४ आणि २०२५ साठीचा. त्यासाठी डॉक्टरांचा छापील फॉर्म लागतो. आईने सुरुवातीला हा फॉर्म शाळेला आणि शाळेची चिठ्ठी कंपनीला पाठवली होती. त्याच गोंधळातून तिने एकदा बाईंना लिहिलं की मुलगी ‘क्रांकगेश्रीबेन’ आहे. तो शब्द डॉक्टरांनी कामावरून रजा लिहून दिलेल्या नोकरदाराचा. शाळेत पालक कळवतात, तिथे शब्द ‘क्रांकगेमेल्डेट’.

त्या शुक्रवारच्या कागदात खाली आणखी एक ओळ होती, मुलगी आठवडाभर खेळाच्या तासाला भाग घेऊ शकणार नाही. मला ती ओळ सुटली असती. अशा मुलाने घरी राहायचं नसतं. शाळेत यायचं आणि खेळाच्या तासाला बाकावर बसून बघायचं.

आठ दिस आधी निघा

एव्हाना वाल सोलून झाले होते. आजी इतका वेळ ऐकत होत्या, त्यांनी आता आपला मुद्दा काढला. २०२५ मध्ये लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला आणि नातीची शरद ऋतूची सुट्टी त्या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात. म्हणजे दिवाळी होऊन गेल्यावर सुट्टी. “आठ दिस आधी निघा. पोरीला ताप आलाय असं लिहून टाक. आता तर तुला लिवता येतं.”

सून हसली नाही. “नाही आई. ते नाही करणार.”

तिने सांगितलं ते असं. आजार हा कळवायचा असतो, पण प्रवासासाठी आधी परवानगी मागायची असते आणि ते दोन वेगळे कागद आहेत. दुसऱ्याचं नाव बॉयरलाउबुंग. त्यासाठी मात्र आपला जुना अर्ज अगदी योग्य ठरतो, विनंती आणि कारणासकट. त्या राज्यात सलग दोन दिवसांपर्यंत वर्गशिक्षिका निर्णय घेतात, त्याहून जास्त असेल तर मुख्याध्यापक. सणासाठी एखादा दिवस मागता येतो. स्वस्त तिकीट हे कारण चालत नाही. २०१८ साली पेंटेकॉस्टच्या सुट्टीआधी बव्हेरियातल्या मेमिंगेनच्या विमानतळावर पोलिसांनी शाळेच्या वयाच्या मुलांना घेऊन लवकर निघालेल्या पालकांकडे चौकशी केली, तेव्हा शाळा चुकवून निघालेली काही कुटुंबं त्यांना सापडली. देशभर त्याची चर्चा झाली. शाळेत जाणं तिथे सक्तीचं आहे आणि चुकवलं तर दंड होतो. सुट्टीला लागून आलेल्या तापाकडे शिक्षक म्हणूनच वेगळ्या नजरेने बघतात.

“आणि दंडाचं सोडा,” ती म्हणाली, “माझ्या तीन ओळींवर बाई एकही प्रश्न न विचारता विश्वास ठेवतात. दाखला मागत नाहीत. एकदा खोटं लिहिलं की पुढच्या खऱ्या तापाला मला तो विश्वास नाही राहणार.” आजी काही बोलल्या नाहीत. वालाच्या सालींची टोपली उचलून गोठ्याकडे गेल्या.

कान्हाचा शिष्य

दुपारी पाऊस थोडा उघडला, तेव्हा मी कोंडाण्याच्या लेण्यांपर्यंत जाऊन आले. चैत्यगृहाच्या दर्शनी भागात एका भंगलेल्या मूर्तीचं मस्तक आहे आणि त्याच्याशेजारी ब्राह्मीत एक ओळ, ‘कान्हाचा अंतेवासी बलक याने केलं’. अंतेवासी म्हणजे गुरूजवळ राहणारा शिष्य. दोन हजार वर्षांपूर्वी त्या माणसाने स्वतःची ओळख गुरूच्या नावाने करून दिली. जो गुरूपाशीच राहतो त्याला गैरहजेरीची चिठ्ठी लागत नसणार. घर आणि शाळा यांच्यात अंतर पडलं, तेव्हाच कोणाला तरी निरोप न्यावा लागला असणार, असं परत उतरताना माझ्या मनात येत राहिलं.

इथे तो निरोप कोण नेतं? जवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या बाईंना मी विचारलं. त्यांच्याकडे चिठ्ठी येतच नाही. हजेरी घेताना नाव पुकारलं की तीन-चार पोरं एकदम सांगतात, त्याला ताप आलाय, तिच्या घरी पाहुणे आलेत, त्यांच्याकडे बेणणी चाललीय. पोरं एकाच पायवाटेने येतात, येताना हाका मारत येतात. पावसात ओढा चढला की पलीकडच्या वाडीतलं कोणीच येत नाही आणि तेही बाईंना पाण्याच्या आवाजावरून आधीच कळलेलं असतं. तरी सलग तीन दिवस कोणी दिसलं नाही, तर त्या सुटीनंतर स्वतः घरी जाऊन बघतात. “पोरं सांगतात ते बहुतेक खरं असतं,” त्या म्हणाल्या. “पण कोणता ताप ते कोणी सांगत नाही. गेल्या साली कांजिण्या अर्ध्या वर्गाला झाल्या, तेव्हा मला कळलं.”

मी ते ऐकून दारावरच्या त्या कागदाचं सांगितलं. त्यांनी तो कागद कसा लिहितात, नाव न घालता, ते नीट विचारून घेतलं आणि वहीच्या मागच्या पानावर टिपून ठेवलं.

नात त्या आठवड्यात शेजारच्या मुलीबरोबर हौसेने या शाळेत जाऊन बसत होती. मी निघायच्या दिवशी सकाळी ती उठली ती अंग गरम घेऊन. आदल्या दिवशी भिजली होती. आईने हात लावून पाहिलं, थर्मामीटर शोधलं, आणि सवयीने फोन उचलला. मग थांबून मला म्हणाली, “इथल्या बाईंचा नंबर आहे का तुमच्याकडे?”

तेवढ्यात अंगणातून हाक आली. शेजारची मुलगी छत्री घेऊन उभी होती. आजींनी ओटीवरूनच सांगितलं, “ती नाय येत आज. आंग तापलंय.” मुलगी “बरं” म्हणाली आणि चिखल चुकवत निघाली.